शहापूर-मुरबाडचे भात आणि बंगालीतला मण

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके मुंबईकराला माहीत असतात ते प्रामुख्याने पाण्यामुळे आणि माळशेज घाटामुळे. पावसाळ्यात या भागातून जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातखाचरे पसरलेली दिसतात, आणि या खाचरांवर जे प्रयोग होतात, त्यांचे अहवाल मराठीत लिहिले जातात. भात हे जसे कोकणचे पीक, तसेच ते बंगालचे. त्यामुळे येथील एखादा अहवाल बंगाली वाचकापुढे ठेवावा, असे कोणाला वाटले तर त्यात नवल नाही. मराठी आणि बंगाली या दोन्ही संस्कृतप्रचुर भाषा. महिन्यांची नावे तीच, लाख-कोटी तेच, मण तोच. अनुवादकाला वाटते, वाक्ये फिरवली की काम झाले, आकडे तर जसेच्या तसे उतरवायचे आहेत. प्रत्यक्षात फसगत होते ती नेमकी आकड्यांतच, कारण सारखे दिसणारे शब्द दोन्हीकडे सारखे नसतात.

हे स्पष्ट व्हावे म्हणून नमुन्यादाखल एक परिच्छेद घेऊ. तो कल्पित आहे, पण तालुका पातळीवरील कृषी अहवालात आढळतो तशाच धाटणीचा आहे:

‘मुरबाड तालुक्यातील २० गुंठ्यांच्या प्रात्यक्षिक खाचरात २०२३-२४ मध्ये भाताचे उत्पादन ९ क्विंटल आले. युरियाचा शेवटचा हप्ता, पाव गोणी, निज श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात दिला. एकूण खर्च १८,५०० रुपये झाला.’

तीनच वाक्ये. पण त्यांतील जवळजवळ प्रत्येक आकड्यापाशी बंगाली अनुवादकाला थांबावे लागते.

भात म्हणजे धान

सुरुवात आकड्याला चिकटलेल्या नामापासूनच करावी लागते. मराठीत शेतातले पीक, मळणीनंतरचे तुसासकटचे दाणे आणि ताटातला शिजलेला पदार्थ, या तिन्हींना आपण भात म्हणतो. बंगालीत ‘भात’ म्हणजे फक्त शिजवलेला. तुसासकटचे दाणे म्हणजे ‘धान’, सडलेले किंवा भरडलेले म्हणजे ‘चाल’. तेव्हा ‘९ क्विंटल भात’ हे अक्षरशः उतरवले, तर खाचरातून नऊ क्विंटल शिजलेले अन्न निघाल्यासारखे वाचले जाईल. ही चूक हास्यास्पद असल्याने लगेच पकडली जाते. अधिक धोक्याची चूक म्हणजे अनुवादकाने सावधगिरीने ‘चाल’ लिहिणे. सरकारी खरेदीच्या हिशोबात शंभर किलो भाताला ६७ किलो साधा तांदूळ धरला जातो. म्हणजे ९०० किलो धानाचे तांदूळ होतात सुमारे ६०० किलो. ‘९०० किलो चाल’ असे छापले गेले तर उत्पादन एकदम दीडपट होते, आणि वाक्य मात्र वाचायला निर्दोष राहते.

गुंठा, शतक आणि बिघा

क्षेत्राच्या बाबतीत अनुवादकाचे नशीब चांगले आहे. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, एकराचा चाळिसावा भाग. बंगालमध्ये, सीमेच्या दोन्ही बाजूंना, जमिनीचा व्यवहार ‘शतक’ या मापात होतो. त्यालाच ‘डेसिमल’ असेही म्हणतात. शतक म्हणजे एकराचा शंभरावा भाग. दोन्ही मापे एकरातूनच निघालेली असल्याने एक गुंठा बरोबर अडीच शतक होतो. २० गुंठे म्हणजे अर्धा एकर, म्हणजे ५० शतक. येथे काहीही गोळाबेरीज करावी लागत नाही.

बंगाली शेतकरी मात्र बोलताना बिघा म्हणतो. तेथील बिघा १४,४०० चौरस फुटांचा, म्हणजे ३३ शतकांहून किंचित जास्त. आपले २० गुंठे म्हणजे २१,७८० चौरस फूट, अर्थात सुमारे दीड बिघा. बिघा हा शब्द उत्तर भारतातही सर्रास चालतो. पण त्याचा आकार प्रांतागणिक बदलतो. त्यामुळे तांत्रिक अहवालात मुख्य आकडा शतकात द्यावा, कंसात हेक्टर द्यावे आणि बिघा फक्त ओळखीपुरता ठेवावा, हे बरे.

याच ठिकाणी एका मोहाचाही उल्लेख करायला हवा. गणकयंत्र २० गुंठ्यांचे २०२३.४३ चौरस मीटर करून देते, आणि तो आकडा तसाच छापला की मोजणी फार काटेकोर झाली होती असा भास होतो. मूळ आकडा बांधावरून पावलांनी मोजलेला असू शकतो. मुळात जेवढी अचूकता आहे, तेवढीच रूपांतरात उतरली पाहिजे. म्हणून ०.२० हेक्टर.

एका मणाची तीन वजने

आता खरी अडचण. बंगाली शेतकऱ्याला उत्पादन कळते ते बिघ्याला किती मण, या भाषेत. मराठी वाचकालाही मण परका नाही. पण मुंबई इलाख्यातील जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोचा होता. बंगालचा मण ४० शेरांचा, ३७.३२ किलो भरणारा. म्हणजे येथील जुन्या कागदपत्रांतला मण बंगालीत तसाच नेला तर तो जवळपास तिप्पट होतो. मेट्रिक मापे आल्यानंतर मणाला कायद्याचा आधार राहिला नाही. पण बाजारातून तो गेला नाही, त्याने वेषांतर केले. बांगलादेशातल्या बाजारात आज मण म्हणजे सरळ ४० किलो धरला जातो. तक्त्यांत आणि पुस्तकांत मात्र ३७.३२ अजूनही भेटतो.

आपल्या उदाहरणातले ९०० किलो धान घ्या. अनुवादकाने कोष्टक पाहून ३७.३२ ने भागले, तर उत्तर येते २४.१ मण. अहवाल वाचणाऱ्याच्या मनातला मण ४० किलोचा असेल, तर तो हे ९६४ किलो समजेल. चौसष्ट किलोंचा फरक, म्हणजे सात टक्के. सात टक्क्यांनी काय बिघडते, असे वाटू शकते. ते पाहण्यासाठी पैशाचा हिशोब करू.

२०२३-२४ च्या खरीप हंगामासाठी केंद्र सरकारने साधारण भाताची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,१८३ रुपये ठरवली होती. ९ क्विंटलांचे होतात १९,६४७ रुपये. खर्च १८,५०० वजा केला की शेतकऱ्याच्या हाती उरतात १,१४७ रुपये. वर उगवलेल्या चौसष्ट किलोंची किंमत याच भावाने होते सुमारे १,४०० रुपये. म्हणजे मणाच्या व्याख्येतून निर्माण झालेले, शेतात कधीच न पिकलेले धान शेतकऱ्याच्या साऱ्या नफ्याहून मोठे निघाले. बंगालमधल्या एखाद्या संस्थेने हा अहवाल वाचून तीच पद्धत आपल्याकडे राबवायचे ठरवले, तर तिला येथला नफा दुपटीहून जास्त दिसेल, आणि चूक कोणी केली हे शोधूनही सापडणार नाही, कारण अनुवादकाचा भागाकार बरोबर आहे आणि वाचकाचा गुणाकारही बरोबर आहे.

यातून वाट एकच. किलोग्रॅम हा मुख्य आकडा ठेवायचा, आणि मण द्यायचाच असेल तर ‘४० किलोच्या मणाने २२.५ मण’ असे व्याख्येसकट लिहायचे. मजकूर तपासणाऱ्याने जिथे जिथे एकटा ‘मण’ दिसेल तिथे खूण करावी.

याच जातीचा एक छोटा प्रश्न ‘पाव गोणी’चा. भारतात युरियाची गोणी पूर्वी ५० किलोंची होती. २०१८ पासून ती ४५ किलोंची झाली. बांगलादेशात ती ५० किलोंचीच आहे. शिवाय २०१८ पूर्वीचा मराठी अहवाल आणि नंतरचा अहवाल यांतल्या गोणीतही फरक आहे. पाव गोणीत हा फरक किलोभराचा, पण एकरी मात्रा गोण्यांत लिहिली की तो वाढत जातो. गोणी हे माप नाही, ते बारदान आहे. अनुवादात किलोच हवेत.

कोणता श्रावण?

‘निज श्रावणाचा पहिला आठवडा’ हे शब्द वाचून बंगाली वाचकाला परकेपणा अजिबात वाटणार नाही. त्याच्याकडेही श्रावण आहे, आणि तोही पावसाचा. धोका इथेच आहे. आपला श्रावण चांद्र आहे. अमावास्येला संपतो आणि दरवर्षी इंग्रजी तारखांतून मागेपुढे सरकतो. बंगाली श्रावण सौर आहे, आणि तो साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो.

२०२३ हे वर्ष या दृष्टीने मासलेवाईक होते. त्या वर्षी अधिक श्रावण आला. १८ जुलैला अधिक मास सुरू झाला आणि निज श्रावण १७ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर असा पडला. बांगलादेशात २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार वर्षाचे पहिले सहा महिने प्रत्येकी ३१ दिवसांचे असतात आणि वर्षारंभ १४ एप्रिलला ठरलेला आहे. या हिशोबाने तेथला श्रावण १६ जुलै ते १५ ऑगस्ट आणि भाद्र १६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर. म्हणजे आपला अख्खा निज श्रावण त्यांच्या भाद्र महिन्यात सामावलेला होता. एकाही दिवशी दोन्ही श्रावण एकत्र नव्हते. ‘श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात युरिया’ हे ढाक्याच्या वाचकाने १६ ते २२ जुलै असे वाचले, तर खताचा शेवटचा हप्ता महिनाभर आधी, रोपे नुकती लागली असताना पडेल. लोंबी धरण्याच्या सुमारास पिकाला जे नत्र मिळावे म्हणून तो हप्ता राखून ठेवलेला असतो, ते तोवर पाण्याबरोबर निघून गेलेले असेल.

पश्चिम बंगालसाठी आणखी एक पायरी आहे. तेथे बांगलादेशची सुधारणा लागू नाही. पारंपरिक पंजिका चालते, संक्रांतीनुसार महिना लहानमोठा होतो आणि नववर्ष बहुधा १५ एप्रिलला येते. आपला निज श्रावण सुरू झाला त्या १७ ऑगस्ट २०२३ ला ढाक्यात २ भाद्र होता, तर कोलकात्यात श्रावण अजून संपायचा होता. म्हणून तांत्रिक अहवालात इंग्रजी तारीख हीच आधारभूत धरावी. बंगाली तारीख द्यायची तर कोणत्या देशाच्या गणनेने ती काढली, हे आधी ठरवावे. आपल्याकडच्या अहवालांत ‘मृग नक्षत्रावर पेरणी’ असे येते, त्याचेही तसेच. मृगाची सुरुवात ७-८ जूनच्या सुमारास होते, हे मराठी शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. बंगाली वाचकाला मात्र नक्षत्राचे नाव कळले, तरी तारीख कळणार नाही.

तारीख लिहिण्याची बंगाली रीतही जाता जाता सांगायला हवी. परंपरेने तेथे अंकाला प्रत्यय जोडतात: पहिल्या तारखेला ‘ला’, दुसरी-तिसरीला ‘रा’, चौथीला ‘ठा’, पाचवी ते अठरावीपर्यंत ‘इ’ आणि पुढे ‘शे’. आधुनिक छपाईत हे प्रत्यय बरेचदा गाळतात. तक्त्यात ते गाळलेलेच बरे. मजकुरात वापरले तर सर्वत्र सारखे वापरावेत.

राहिले ‘२०२३-२४’. भारतात, आणि म्हणून पश्चिम बंगालमध्येही, हे एप्रिल ते मार्च असे वर्ष आहे. बांगलादेशचे अर्थवर्ष जुलै ते जून असते. मुरबाडच्या खाचराची बांधबंदिस्ती मे २०२३ मध्ये झाली असेल, तर तो खर्च आपल्या २०२३-२४ मध्ये येतो. ढाक्याचा वाचक मात्र मे २०२३ ला २०२२-२३ मध्येच धरील. उपाय साधा आहे: वर्षाच्या जोडआकड्याऐवजी महिने लिहावेत.

रुपया झाला टाका

पश्चिम बंगालमध्ये आपल्या रुपयाला ‘टाका’ म्हणतात. ही केवळ बोलीतली सवय नव्हे. भारतीय नोटेच्या मागे भाषांची जी यादी छापलेली असते, तिच्यात बंगाली ओळीत ‘टाका’ हाच शब्द आहे. खिशातली नोट काढून बंगाली जाणणाऱ्याला वाचायला सांगावी. आणि बांगलादेशच्या चलनाचे नावही टाका. तेव्हा ‘१८,५०० टाका’ हे कोलकात्यात बरोबर आणि ढाक्यात चूक. ढाक्यासाठी ‘भारतीय रुपी’ असे स्वच्छ लिहावे लागते. चिन्हांच्या बाबतीतही गंमत आहे. बांगलादेशी टाक्याचे म्हणून जे चिन्ह छापले जाते, त्याचे युनिकोडमधील अधिकृत नाव `BENGALI RUPEE SIGN` असे आहे. नावावर विसंबून ते भारतीय रुपयासाठी वापरले, की रक्कम परदेशी झाली. आपले चिन्ह २०१० साली स्वीकारलेले, `U+20B9`. बंगाली चिन्ह `U+09F3`.

चुकीचा आकार किती, हे पाहू. समजा, एका भारतीय रुपयाला १.४० टाका मिळतात. आधारभूत किंमत किलोमागे २१.८३ रुपये, म्हणजे ३०.५६ टाका. अहवालात नुसते ‘२१.८३ टाका’ छापले, तर ढाक्याच्या वाचकाला येथला भाव खऱ्यापेक्षा जवळजवळ तीन दशांशाने कमी दिसेल. ही चूक पकडण्याची एक युक्ती आहे: अहवालातल्या कोणत्याही रकमेवरून एका किलो धानाची किंमत काढावी आणि ती स्थानिक बाजाराशी ताडून पाहावी. भाव अविश्वसनीय स्वस्त निघाला, तर चलनाचे नाव तपासावे. रकमा बदलून फक्त टाक्यांत देण्याला मात्र माझा विरोध आहे. विनिमयाचा दर हलतो, अहवाल छापलेलाच राहतो. मूळ रक्कम रुपयांत ठेवून, कंसात अंदाजे टाके आणि दराची तारीख द्यावी.

दशलक्ष आणि भातसा

शहापूरच्या अहवालात पाणी आले की आकडे एकदम फुगतात. मुंबई महापालिकेच्या तक्त्यात भातसा जलाशयाचा उपयुक्त साठा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर असा असतो. लाख आणि कोटी बंगालीतही तेच, स्वल्पविरामही आपल्यासारखेच तीन आणि मग दोन-दोन अंकांवर. पण आपला ‘दशलक्ष’ हा एक जोडशब्द आहे. बंगालीत ‘दश लक्ष’ हे दोन शब्द होतात, आणि सात लाखांच्या आकड्यामागे ते आले की वाचक अडखळतो. मुद्रितशोधकाला ‘दश’ हा शब्द चुकून राहिलासा वाटला आणि त्याने तो काढला, की भातसाचे नऊ दशांश पाणी आटले. येथे माप बदलणेच श्रेयस्कर. एक दशलक्ष लिटर म्हणजे हजार घनमीटर. म्हणून भातसाचा साठा ७१.७० कोटी घनमीटर. टीएमसी या मापात तो २५.३ भरतो, पण पश्चिम बंगालच्या वर्तमानपत्रात ‘टीएमसी’ या अक्षरांचा अर्थ पाण्याशी जोडला जाईल याची खात्री देता येत नाही. तेथे त्या नावाचा राजकीय पक्ष आहे. पावसाचे मिलिमीटर मात्र मिलिमीटरच ठेवावेत.

अंकांचे चेहरे

शेवटी अंक. बंगाली चार हा इंग्रजी आठासारखा दिसतो, बंगाली सात इंग्रजी नवासारखा, आणि बंगाली नऊ आपल्या देवनागरी एकासारखा. मराठी माणसाने बंगाली तक्ता डोळ्यांनी तपासला, तर ४५ किलोंची गोणी त्याला ८५ ची वाटू शकते. त्यामुळे आकडे हाताने पुन्हा टंकलिखित करू नयेत. सगळी गणिते आधी पूर्ण करावीत आणि अंकांची लिपी अगदी शेवटी संगणकाकडून बदलून घ्यावी:

```
t = str.maketrans("०१२३४५६७८९", "০১২৩৪৫৬৭৮৯")
bangla = marathi.translate(t)
```

ही दोन ओळींची आज्ञा आंधळी असते, हे लक्षात ठेवावे. कर्जत-३ हे भाताच्या वाणाचे नाव आहे, गट क्रमांक ही जमिनीची ओळख आहे. त्यांची लिपी बदलायची की मूळ रूप ठेवायचे, हे आधी ठरवून घ्यावे, म्हणजे दस्तऐवजात शोधताना ते सापडतील. आणि ‘७/१२’ हा तर आकडाच नव्हे. गाव नमुना सात व बारा यांवरून पडलेले ते नाव आहे. बंगाली वाचकाला तो अपूर्णांक किंवा डिसेंबरची सात तारीख वाटेल. त्याच्या ओळखीचा शब्द ‘खतियान’. दोन्ही दाखले हुबेहूब एक नसले, तरी खतियानासारखा जमिनीचा अधिकारलेख, असे म्हटले की त्याला उमगते.

एवढे सोपस्कार झाल्यावर बांगलादेशच्या वाचकासाठी आपला परिच्छेद, लिपी सोडून, असा होतो:

‘मुरबाड तालुक्यातील ५० शतक (०.२० हेक्टर) प्रात्यक्षिक जमिनीत २०२३ च्या आमन हंगामात धानाचे उत्पादन ९०० किलोग्रॅम झाले. युरियाचा शेवटचा हप्ता, सुमारे ११ किलोग्रॅम, १७ ते २३ ऑगस्ट २०२३ (२ ते ८ भाद्र १४३०) या काळात दिला. एकूण खर्च १८,५०० भारतीय रुपी झाला.’

पश्चिम बंगालसाठी याच परिच्छेदात ‘भारतीय रुपी’च्या जागी ‘टाका’ येईल आणि भाद्राच्या तारखा गळतील. बाकी मजकूर तोच राहील.